बिऱ्हाड सोडताना

घर पाहावे बांधून, अशी म्हण मराठीत आहे; पण घर पाहावे सोडून, असे कोणी म्हटलेले नाही. वास्तविक भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा घर घेताना होत नाही, ते सोडताना होते. घर घेताना दोन्ही पक्ष गोड बोलत असतात. सोडताना एकाच्या हाती किल्ली असते आणि दुसऱ्याच्या हाती पैसे असतात. किल्ली आधी जाते आणि पैसे मागाहून येतात, किंवा येत नाहीत.

कोलकात्यासारख्या शहरी ही गोष्ट मराठी कुटुंबाला विशेष जाणवते. बँका, रेल्वे आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतून बदलीवर आलेली मंडळी आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगलीकडून आलेले कारागीर तेथे वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहतात. भवानीपूर, काळीघाट आणि हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवास यांचा परिसर त्यांच्या ओळखीचा होतो. पुढे एके दिवशी बदलीचा हुकूम येतो. सामान नागपूरला किंवा पुण्याला रवाना होते आणि अनामत रक्कम मात्र हजारांहून अधिक किलोमीटर मागे राहते. एवढ्या अंतरावरून तिचा पाठपुरावा करणे कठीण असते. म्हणून जे काही करावयाचे ते गाडीत बसण्यापूर्वीच करावे लागते.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहणे इष्ट आहे. पश्चिम बंगालमध्ये भाडेकरूंसाठी १९९७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. तथापि कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीत ज्या राहत्या घराचे मासिक भाडे साडेसहा हजार रुपयांपेक्षा अधिक आहे, त्याला त्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने वगळले आहे. बदलीवर आलेल्या कुटुंबाचे घर बहुधा या मर्यादेपलीकडचे असते. अशा घराला १८८२ चा जुना मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि उभय पक्षांनी सही केलेला भाडेकरार, ही दोनच लागू पडतात. करारात मुदतीविषयी काही ठरलेले नसेल, तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते, असे त्या अधिनियमाचे १०६ वे कलम म्हणते. करारात एक किंवा दोन महिने लिहिले असतील, तर अर्थातच करार पाळावा लागतो. म्हणून बिऱ्हाड सोडण्याची पहिली पायरी म्हणजे पेटीच्या तळाशी पडलेला करार काढून पुन्हा एकदा वाचणे ही होय.

तो वाचताना एका शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. कोलकात्यात घर घेताना जी रक्कम आगाऊ दिली जाते तिला कोणी ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात, कोणी ‘सिक्युरिटी’ म्हणतात. ती परत मिळावयाची असते. जुन्या वाड्यांतून मात्र ‘सेलामी’ नावाचा एक प्रकार आहे. मुंबईची पागडी ती हीच. सेलामी परत मिळत नाही. दिलेली रक्कम यांपैकी कोणती, हे करारावरून किंवा पावतीवरून स्पष्ट होत नसेल, तर नोटीस देतानाच मालकाकडून तसे लेखी मागून घ्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित असले तरी त्यातील प्रत्येक तपशील नेहमीचा आहे. समजा, एक मराठी कुटुंब भवानीपुरात एका जुन्या घराच्या ‘एकतला’वर तीन वर्षे राहिले. बंगालीत एकतला म्हणजे तळमजला आणि दोतला म्हणजे मराठीतला पहिला मजला. भाडे चौदा हजार रुपये, अनामत तीन महिन्यांची म्हणजे बेचाळीस हजार रुपये, नोटीस एक महिन्याची. करार दर अकरा महिन्यांनी नवा होत असे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदवावा लागतो. अनामत रक्कम ताबा दिल्यापासून पंधरा दिवसांत परत करावी, असे एक वाक्य या करारात होते. ३० एप्रिलला घर सोडावयाचे, म्हणून कुटुंबप्रमुखाने २९ मार्च रोजीच लेखी नोटीस दिली आणि दुसऱ्या प्रतीवर मालकाची तारखेसह सही घेतली. फोनवर सांगितलेली नोटीस पुढे कोणाला आठवत नाही. सही केलेल्या कागदाच्या बाबतीत असा विसर पडू शकत नाही.

नोटिशीनंतर साफसफाईचा प्रश्न येतो आणि तंटा बहुधा येथेच उत्पन्न होतो. घर कितपत स्वच्छ करून द्यावे? उपरिनिर्दिष्ट अधिनियमाच्या १०८ व्या कलमात याचे उत्तर आहे. ताबा मिळाला तेव्हा घर ज्या चांगल्या स्थितीत होते त्याच स्थितीत भाडेकरूने ते परत करावे. वाजवी वापराने होणारी झीज आणि टाळता न येणारी आपत्ती यांचा त्याला अपवाद आहे. या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत: मळ, झीज आणि नुकसान. मळ काढण्याचे काम भाडेकरूचे. झीज सोसावयाची मालकाने. नुकसान भरून द्यावयाचे भाडेकरूने. घरात दिसणारा प्रत्येक डाग या तिहींपैकी कशात मोडतो, हे ठरविता आले की निम्मा वाद मिटतो.

स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. तीन वर्षांच्या फोडणीने आणि तळणाने चुलीमागच्या फरश्यांवर आणि वायुवीजक पंख्यावर तेलाचा चिकट थर बसतो. हा निखालस मळ होय. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्याने फरश्या पुसाव्यात, थोडा वेळ थांबावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे, थर सुटतो. रंगविलेल्या भिंतीवर मात्र सोडा लावू नये, कारण तेलाबरोबर रंगही निघून येतो आणि मळाचे रूपांतर नुकसानीत होते. कपाटे आतून पुसून दोन दिवस उघडी ठेवावीत. कोलकात्याच्या दमट हवेत बंद कपाटाला बुरशी धरते, आणि ओल्या फडक्याने पुसून लगेच बंद केलेल्या कपाटात ती आठवड्याभरात परत येते.

नंतर जमीन. जुन्या बंगाली घरातून तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन आढळते. सिमेंटात तांबडा रंग मिसळून आणि घोटून केलेली ही जमीन शंभर वर्षे टिकते, परंतु आम्लापुढे तिचे काही चालत नाही. घर सोडण्याच्या घाईत पुष्कळ लोक बाजारातून आम्लाची बाटली आणतात आणि जमिनीवर ओततात. डाग जातो, पण त्याबरोबर सिमेंटाचा वरचा घोटीव थर खाल्ला जाऊन तेथे फिका, खरखरीत चट्टा उरतो. तो नुसत्या पुसण्याने सुधारत नाही. मोझेकच्या जमिनीचीही तीच गत होते, कारण तिच्यातील संगमरवराचे कण आम्लात विरघळतात. अशा जमिनीला साधा साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड एवढेच पुरे. न्हाणीघरात कूपनलिकेच्या पाण्यातील लोहामुळे भांड्यावर तांबूस रेघ उमटलेली असते. तेवढ्या चिनी मातीच्या पृष्ठभागापुरते सौम्य आम्ल चालेल, पण ते खालच्या फरशीवर सांडू देऊ नये.

सर्वांत अधिक भांडणे होतात ती भिंतींवरून. कोलकात्याची भूमी सखल आहे आणि भूजल वर आहे. जुन्या विटांच्या भिंती जमिनीतील ओल शोषून घेतात आणि पाणी उडून गेल्यावर त्यातील क्षार पृष्ठभागावर साठतात. त्यांच्या दाबाने रंग सुटतो आणि गिलावा भुसभुशीत होऊन गळतो. बंगाली लोक याला ‘नोना’ धरणे म्हणतात. मराठीत लोणा लागणे म्हणतात तेच हे. ते ओळखणे सोपे आहे. लोण्याचा पट्टा जमिनीपासून सुरू होऊन वर चढतो, कमरेच्या आसपास थांबतो, त्याची वरची कड लाटेसारखी आडवी असते आणि त्यावर पांढरी, पाण्यात विरघळणारी भुकटी दिसते. पलंग घासून झालेला ओरखडा असा दिसत नाही. छतातून झिरपलेल्या पाण्याचा डागही असा नसतो, कारण तो वरून खाली उतरतो. लोणा हा इमारतीचा दोष आहे. त्याचा खर्च भाडेकरूवर पडण्याचे कारण नाही. तो झाकण्यासाठी वरून रंग देणे व्यर्थ होय, कारण ओल कायम असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तो रंग पापुद्र्यांनी निघतो आणि मग भाडेकरूने काहीतरी लपविले, असा समज मात्र होतो. लोणा दिसताच त्याच वेळी मालकाला लेखी कळविणे हाच त्यावरचा उपाय आहे. तीन वर्षे मौन पाळून शेवटच्या दिवशी केलेला खुलासा सबबीसारखा वाटतो.

खिळ्यांची भोके, फुटलेली काच, तुटलेली खटकी ही मात्र नुकसानीची उदाहरणे होत. खिडक्यांच्या लाकडी झडपांना तेथे ‘खडखडी’ म्हणतात. त्यांची एखादी पट्टी वयोमानाने सैल झाली तर ती झीज. रेटा देऊन मोडली तर ते नुकसान. काच आणि खटकी स्वतः बसवून घेणे बहुधा स्वस्त पडते. खिळ्यांची भोके परस्पर बुजवू नयेत. रंगीत भिंतीवर पांढऱ्या लांबीचे ठिपके भोकांहून अधिक दिसतात. तेव्हा मालकाला विचारूनच ते काम करावे. करारात घर सोडताना रंग द्यावा किंवा त्याचे पैसे द्यावेत असे कलम असेल, तर ते अर्थातच वेगळे. ते आधी वाचलेले बरे.

तिसरी बाब देयकांची. कोलकात्यात आणि हावड्यात विजेचा पुरवठा मुख्यतः सी.ई.एस.सी. ही कंपनी करते. भाडेकरूच्या दृष्टीने विजेच्या दोन पद्धती आहेत. मीटर भाडेकरूच्या स्वतःच्या नावावर असेल, तर घर सोडण्यापूर्वी कंपनीकडे लेखी अर्ज करून जोडणी बंद करावी किंवा दुसऱ्याच्या नावावर करून घ्यावी. कंपनीकडे भरलेली सुरक्षा ठेव अंतिम देयकात वळती होऊन उरलेली परत मिळते. हे न करता निघून गेल्यास पुढचा रहिवासी जी वीज जाळील तिचे देयक जुन्याच नावावर येत राहते. दुसरी पद्धत सबमीटरची. मुख्य मीटर मालकाचा आणि आतला छोटा मीटर भाडेकरूच्या वापराचा. दर युनिटामागे ठरलेले पैसे. आपल्या उदाहरणातील कुटुंबाची ही दुसरी पद्धत होती. मार्चअखेरचा आकडा ६,४१२ होता आणि तेथवरचे पैसे चुकते झाले होते. ३० एप्रिलला सकाळी मालक आणि भाडेकरू यांनी मिळून मीटर पाहिला. आकडा ६,५३० निघाला. वापर ११८ युनिटांचा. ठरलेला दर नऊ रुपये, म्हणून देणे १,०६२ रुपये. हा आकडा जागच्या जागी लिहून दोघांनी सह्या केल्या. ‘पुढचे देयक येऊ द्या, मग हिशेब पाहू,’ असे म्हणण्यास मालकाला कारण उरले नाही, आणि अनामत अडकून पडण्याची जी सर्वांत सामान्य सबब, ती नाहीशी झाली.

गॅसची जोडणी विसरली जाण्याचा संभव असतो. कोलकात्यातच दुसऱ्या भागात जावयाचे असेल, तर वितरकाकडून जोडणी बदलून घेता येते. दुसऱ्या शहरी जावयाचे असल्यास सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करावेत. तो कागद करून देतो आणि ठेव परत करतो. नव्या गावी त्याच कागदावर, तेथे चालू असलेली ठेव भरून, जोडणी मिळते. सिलिंडर शेजाऱ्याला देऊन टाकणे सोयीचे वाटते, पण नोंदणी जुन्याच नावावर राहते आणि जबाबदारीही. इमारतीचा देखभाल खर्च आणि, करारात तसे असेल तर, महानगरपालिकेच्या करातील भोगवटादाराचा हिस्सा शेवटच्या महिन्यापर्यंत चुकता करून पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. दूधवाला, वर्तमानपत्रवाला आणि घरकाम करणारी मावशी यांचा हिशेबही तेव्हाच पुरा करावा. गेलेल्या भाडेकरूची उधारी मालकाच्या दारात मागितली गेली, तर तीही अनामतीतून वजा होते.

एवढे झाल्यावर किल्ली येते, आणि सर्व व्यवहाराचा खिळा तीच आहे. किल्ली परत देणे म्हणजे शिष्टाचार नव्हे, तर घराचा ताबा देणे. मुदत संपल्यावर मालकाला ताबा देण्यास भाडेकरू बांधलेला आहे, असे तेच १०८ वे कलम सांगते. सामान हलले, घर रिकामे झाले, तरी किल्ली खिशात असेपर्यंत ताबा सुटला असे मालक मानीत नाही, आणि त्याच्या म्हणण्याला आधार असतो. वरील कुटुंबाने किल्ली चुकून नागपूरला नेली असती आणि ती नवव्या दिवशी परत पोहोचली असती, तर चौदा हजारांच्या हिशेबाने नऊ दिवसांचे ४,२०० रुपये मालकाने मागितले असते. किल्ली दरवानाकडे किंवा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे ठेवून जाणे हेही तितकेच धोक्याचे. किल्ली ठेवली खरी, परंतु कोणत्या दिवशी, हे सांगणारा साक्षीदार उरत नाही.

म्हणून किल्ल्या मोजून द्याव्यात. मुख्य दाराच्या किती, फाटकाच्या किती, गच्चीची, पत्रपेटीची, भिंतीतल्या कपाटांची. मुलांसाठी आणि कामवालीसाठी करून घेतलेल्या जादा किल्ल्याही त्यात याव्यात. भाडेकरूने स्वतःचे कुलूप लावले असेल तर ते काढून मूळचे बसवावे. मग एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, किल्ल्यांची संख्या, मीटरचा आकडा, आणि अनामतीतून कोणत्या कारणास्तव किती रक्कम वजा होणार व उरलेली कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या खात्यात जमा होणार. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मालक गावात नसेल किंवा येण्याचे टाळीत असेल, तर अमुक दिवशी अमुक वेळी ताबा देण्यास तयार आहे, असे आधी स्पीड पोस्टाने कळवावे, त्या वेळी दोन साक्षीदारांसमक्ष घराची आणि मीटरची छायाचित्रे घ्यावीत, आणि मालकाने लेखी नेमलेल्या माणसाच्याच हाती किल्ल्या द्याव्यात.

राहिली अनामत. ती किती दिवसांत परत करावी, याची मुदत १८८२ च्या अधिनियमात नाही. करारात मुदत असेल तर ती बंधनकारक. नसेल तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ४६ व्या कलमातील ‘वाजवी मुदत’ लागू पडते. वाजवी म्हणजे किती, हे प्रसंगावरून ठरते. केंद्र सरकारने २०२१ साली प्रसृत केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि ती ताबा घेतानाच, देणे वजा करून, परत करावी असे म्हटले आहे. परंतु तो नमुना आहे; राज्याच्या विधानमंडळाने तसा कायदा केला तरच तो त्या राज्यात अंमलात येतो. तेव्हा कोलकात्यातील भाडेकरूचे खरे संरक्षण म्हणजे करारातील एक वाक्य आणि किल्ली देतानाचा तो कागद.

पैसे परत मिळणार नाहीत या भीतीने कित्येक भाडेकरू शेवटच्या दोनतीन महिन्यांचे भाडेच देत नाहीत आणि ‘अनामतीतून कापून घ्या’ म्हणतात. मालकाने लेखी संमती दिली तर यात काही वावगे नाही. संमतीवाचून केल्यास मात्र भाडेकरूच थकबाकीदार ठरतो, आणि काच फुटली की पट्टी मोडली याचा निवाडा होण्याआधीच त्याची बाजू लंगडी पडते.

आपल्या उदाहरणात शेवट कसा झाला? मालकाने पश्चिमेकडील भिंतीच्या गिलाव्यासाठी सहा हजार रुपये कापण्याचे ठरविले होते. भाडेकरूने तीन वर्षांपूर्वीचा एक कागद पुढे केला. घरात येण्याच्या दिवशी त्याने पंखे, दिवे आणि किल्ल्या मोजून जी यादी केली होती, तिच्यात ‘पश्चिमेची भिंत, खालून हातभर लोणा’ अशी नोंद होती आणि खाली मालकाची सही होती. पट्टा तीन वर्षांत कमरेपर्यंत चढला होता, पण तो जमिनीतूनच चढला होता. मालकाने थोडा वेळ भिंतीकडे पाहिले आणि सहा हजारांची गोष्ट सोडून दिली. खिडकीची एक काच मुलाच्या चेंडूने फुटली होती. तिचे साडेतीनशे रुपये भाडेकरूने मान्य केले. विजेचे १,०६२ आणि काचेचे ३५० वजा जाता ४०,५८८ रुपये उरले. १५ मेपर्यंत ते खात्यात जमा करावयाचे, असे कागदावर लिहिले गेले.

मालकाने दिलेली मुदत पाळली नाही, तर प्रथम त्या कागदाची प्रत जोडून आठवणीचे पत्र पाठवावे, नंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी, आणि शेवटी दिवाणी दावा. तो साधारणतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. कोर्टाचा खर्च आणि प्रवास यांचा विचार करता लहान रकमेसाठी तेथवर जाणे परवडत नाही, हे मालकालाही ठाऊक असते. म्हणूनच कोलकात्यातील एखाद्या विश्वासू स्नेह्याला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवणे उपयोगी पडते. दारात येऊन विनयाने विचारणारा माणूस दूरच्या पत्राहून अधिक काम करतो.

भिंतीवरचा तो वाद ज्या कागदाने मिटला, तो घर सोडताना लिहिलेला नव्हता. सामानाच्या पेट्या अजून उघडल्याही नव्हत्या, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तो लिहिला गेला होता. नव्या गावी पुन्हा बिऱ्हाड थाटताना त्या कुटुंबाने आधी दिव्यांची बटणे दाबून पाहिली, भिंती पाहिल्या, किल्ल्या मोजल्या, आणि मग चूल मांडली.